एक्झिट इंटरव्ह्यूचा सारांश: नावे काढली की पुरे होते का?

शिरोली_एचआर : सोडून गेलेल्यांच्या मुलाखतींचा सहामाही सारांश मी वरिष्ठांना देतो. नावे काढतो आणि माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, कारण शब्द बदलले की कारण मिळमिळीत होते. गोपनीयतेचा याहून अधिक बाऊ करण्याची खरोखर गरज आहे का?

गोकुळशिरगाव_१२वर्षे : हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी ज्या फाउंड्रीत होते, तिथे याच पद्धतीने एक सारांश गेला होता. त्यातले एक वाक्य चंदगडी बोलीतले होते आणि मोल्डिंगला चंदगडचा एकच मुलगा होता. वरिष्ठांनी ते बैठकीत मोठ्याने वाचले, तेव्हा वाक्य संपण्याआधीच सगळ्यांना माणूस कळला. पुढे नव्या ठिकाणाहून त्याच्याविषयी विचारणा आली, तेव्हा आमच्याकडून काय उत्तर गेले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. माणूस ओळखू येतो तो बोलीवरून, पाळीवरून, 'त्या दिवशी क्रेन बंद होती तेव्हा' अशा एखाद्या प्रसंगावरून. नाव हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे.

आकड्यांचेही तसेच आहे. एका सहामाहीत आमच्याकडून अठरा जण गेले: मशीन शॉपमधून अकरा, कोअर शॉपमधून पाच, गुणवत्ता विभागातून दोन. 'वरिष्ठांचे वागणे' हे कारण एकूण सहा जणांचे होते. पाचपेक्षा कमी संख्या दाखवायची नाही, असा आमचा नियम होता, म्हणून त्या ओळीत मशीन शॉप पाच, कोअर शॉप शून्य आणि गुणवत्ता विभागापुढे रेघ, असे छापले गेले. सहातून पाच वजा केले की एक उरतो. गुणवत्ता विभागातून गेलेल्या दोघींपैकी एक लग्न होऊन पुण्याला गेल्याचे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे दुसरी कोण, हे सांगायला कोणाचीच गरज उरली नाही.

शिरोली_एचआर : तुमचा अनुभव वाईट आहे, पण त्यावरून निघणारा मार्ग मला मान्य नाही. एक घर लपवायचे, मग वजाबाकी होऊ नये म्हणून दुसरे लपवायचे. शेवटी कागदावर 'अठरा जण गेले' एवढेच उरणार. तसा सारांश मी दिला, तर वरिष्ठ मला विचारतील की तुम्ही मुलाखती घेता कशासाठी, आणि त्यांचे चुकणार नाही. सोडून जाणारा माणूस पोटतिडकीने बोललेला असतो. ते पोहोचवणे हे माझे काम आहे.

कोअरशॉप_सुपरवायझर : मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण ती कोणी मांडत नाही. एका सारांशात 'कोअर शॉपमधील पर्यवेक्षकाची भाषा अपमानास्पद आहे' असे आले. कोअर शॉपला पर्यवेक्षक मी एकटाच होतो. सांगणारा कोण, कोणत्या दिवसाबद्दल, काय शब्द, काहीच मला कळले नाही. उत्तर द्यायला संधी मिळाली नाही आणि त्या वर्षीची पगारवाढ मात्र थांबली. सोडून गेलेल्याचे नाव झाकायला तुम्ही एवढी काळजी घेता, आणि मागे राहिलेल्याचे नाव हुद्द्याच्या आडून छापता.

गोकुळशिरगाव_१२वर्षे : तुमच्यावर अन्याय झाला, हे मी मान्य करते. ज्या हुद्द्यावर एकच माणूस आहे, तो हुद्दाही नावच समजला पाहिजे. एका माणसाचे एक म्हणणे ही तक्रार असते, कल नसतो. तिची जागा सारांशात नसून स्वतंत्र चौकशीत आहे, आणि तीही सांगणाऱ्याची संमती असेल तरच.

कोअरशॉप_सुपरवायझर : संमती न देता तो सोडून गेला, तर? आरोप एचआरच्या मनात राहतोच. पुढच्या वेळी माझे नाव निघाले की तुमच्या कपाळावर आठी पडणार. कागदावर नाही म्हणून तो नाहीसा होत नाही.

राजारामपुरी_वकील : मूळ प्रश्न मला वेगळाच दिसतो. मुलाखतीत एखादी स्त्री लैंगिक छळाविषयी बोलली, तर 2013 च्या कायद्याचे कलम 16 पाहा. तक्रारीचा मजकूर आणि तिची ओळख उघड करण्यास तिथे मनाई आहे. त्यामुळे असे काहीही सारांशात येता कामा नये. सीलबंद ठेवा आणि विषय संपवा.

गोकुळशिरगाव_१२वर्षे : सारांशात येता कामा नये, हे बरोबर. सीलबंद ठेवून विषय संपवणे मात्र चुकीचे आहे. लेखी तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची आहे. समिती कारणे नोंदवून ती आणखी तीन महिने वाढवू शकते, त्याहून पुढे नाही. सारांश सहामाही असेल आणि ती गोष्ट फायलीत पडून राहिली, तर त्या बाईची मुदत आपल्या कपाटात संपते. तिला त्याच दिवशी सांगायला हवे की नोकरी सोडली तरी तुम्हाला अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. म्हणूनच 'तुम्ही बोलाल ते कोणालाही कळणार नाही' असे वचन मी मुलाखतीच्या आरंभी देत नाही. काय कुठे जाईल, ते आधी सांगते.

राजारामपुरी_वकील : मुदतीचा मुद्दा मी लक्षात घ्यायला हवा होता.

गोकुळशिरगाव_१२वर्षे : शिरोलीकरांच्या आक्षेपाकडे परत येते, कारण तो पोकळ नाही. त्याच अठरा जणांचा सारांश आम्ही पुन्हा केला. एकूण कारणांची बेरीज काढून टाकली. कोअर शॉप आणि गुणवत्ता विभाग एकत्र करून 'इतर विभाग, सात जण, कारणांची फोड दिलेली नाही' एवढेच लिहिले. मशीन शॉपची फोड मात्र पूर्ण दिली: पगार सहा, वागणे पाच. तिथे तीन पाळ्यांचे तीन पर्यवेक्षक असल्याने बोट एकाकडे जात नव्हते.

आता शब्दांविषयी. 'का सोडता' असे विचारले की माणूस 'पगार' म्हणतो, कारण त्या उत्तराने कोणी दुखावत नाही आणि अनुभवाचा दाखला अजून हातात यायचा असतो. म्हणून मी विचारते, 'दुसरी नोकरी पहिल्यांदा कधी शोधायला लागलात, आणि त्या सुमारास इथे काय बदलले होते?' पगार म्हणणाऱ्या त्या सहाही जणांनी एकच महिना सांगितला. त्या महिन्यात पाळी आठवड्याऐवजी महिन्याने बदलू लागली होती, म्हणजे सलग महिनाभर रात्रपाळी. सारांशात एवढेच गेले: 'मशीन शॉपमधून पगाराचे कारण देऊन गेलेल्या सहाही जणांनी पाळीचे वेळापत्रक बदलले त्या महिन्यात नोकरी शोधायला सुरुवात केली.' कोणाचेही वाक्य त्यात नव्हते आणि वरिष्ठांना पगारवाढीऐवजी वेळापत्रकाचा विचार करावा लागला.

शिरोली_एचआर : तो महिना विचारण्याचा प्रश्न मी उद्यापासून घेईन, हे कबूल करतो, आणि बोलीतली वाक्येही काढीन. पण माझ्याकडे एकूण चाळीस माणसे आहेत आणि वर्षाला पाच-सहाच जातात. तुमच्या नियमाने मला कोणतीच फोड देता येणार नाही.

गोकुळशिरगाव_१२वर्षे : दोन वर्षांच्या मुलाखती एकत्र करा.

शिरोली_एचआर : दोन वर्षांनी मला कळणार की रात्रपाळीने माणसे जात होती. तोवर निम्मे खाते रिकामे झालेले असेल. हे मला पटलेले नाही.

कोअरशॉप_सुपरवायझर : आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.