अ‍ॅपमधल्या भूमिकांचं पत्रक: नव्या स्वयंसेवकांना कळेल असं कसं लिहू?

निळीशाई: आमच्या क्लबच्या अ‍ॅपवर चार भूमिका आहेत: सदस्य, संयोजक, खजिनदार, अ‍ॅडमिन. नवे आठ जण येतायत, त्यांच्यासाठी एकपानी पत्रक करतेय. मागच्या वेळी प्रत्येक भूमिकेखाली कामांची यादी दिली होती. तरी एका संयोजकाने सहलीच्या यादीतून एकाचं नाव कमी करायला जाऊन त्याला क्लबमधूनच काढलं! पत्रकात 'सदस्य काढणे' एवढंच होतं. सुचवा काहीतरी.

खुंटी: 'काढणे' हा एकच शब्द दोन बटणांना वापरलात, तिथेच घोळ झाला. एकीकडे लिहा 'सहलीच्या यादीतून नाव वगळणे', दुसरीकडे 'क्लबचं सदस्यत्व रद्द करणे'. बटण कुठल्या पानावर आहे आणि चुकून दाबलं तर कोणाला कळवायचं, तेही शेजारीच. पण मला वेगळीच शंका आहे. संयोजकाला सदस्यत्व रद्द करायचं बटण दिसलंच कसं?

रविवारचा_गडी: एवढं कोण वाचतंय? सरळ स्क्रीनशॉट टाका, बाण काढा, विषय संपला.

खुंटी: स्क्रीनशॉट हवेतच, पण ते बहुतेक वेळा अ‍ॅडमिनच्या फोनवरून घेतात. त्यात सगळी बटणं दिसतात. नवा माणूस आपल्या फोनवर ती शोधत बसतो आणि शेवटी अ‍ॅडमिनलाच फोन करतो. एक चाचणी खातं उघडा, त्याला फक्त संयोजक करा आणि त्यातूनच चित्रं घ्या.

शेवटची_बाकडी: आमच्याकडे उलटंच. मला खजिनदार केलंय म्हणे, पण पावतीचं बटणच येत नाही. अ‍ॅप बिघडलंय का?

खुंटी: ताई/दादा, प्रश्न पत्रकाचा आहे, पण लॉगआउट करून परत लॉगिन करून बघा. पुष्कळ अ‍ॅप्समध्ये नवी भूमिका तोवर लागू होत नाही.

शेवटची_बाकडी: आलं! दोन आठवडे खजिनदाराची वही घेऊन फिरत होते.

निळीशाई: हे पत्रकात सगळ्यात वर टाकते. आणि खुंटी, तुमची शंका खरी निघाली. त्या संयोजकाला आम्ही संमेलनापुरतं अ‍ॅडमिन केलं होतं, नंतर काढायचं राहून गेलं.

खुंटी: म्हणजे दोन्ही भूमिकांचे अधिकार एकत्र झाले. अशा वेळी संयोजकाचं पत्रक वाचून त्याला काय कळणार? पत्रक द्यायच्या आधी भूमिकांची यादी उघडून कोणाकडे काय उरलंय ते बघून घ्या.

निळीशाई: बघितलं, अजून तिघे निघाले. आता एकच अडलंय. खजिनदाराला सगळ्यांचे फोन नंबर दिसावेत का?

रविवारचा_गडी: दिसायलाच हवेत. थकबाकी मागायची कशी?

खुंटी: दिसू देत, पण पूर्ण यादी डाउनलोड करायचा अधिकार मी देणार नाही.

रविवारचा_गडी: मग तो एकेक नंबर वहीत उतरवेल, त्याचं काय?