मदत हवी आहे: संप्लवनानंतरही बेंझोइक आम्ल पिवळट, वितळणबिंदूही कमी

लातूरची_सोनल
एम.एस्सी.चा प्रयोग आहे. टोल्युइनचं पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिडेशन करून मिळालेलं साधारण १ ग्रॅम बेंझोइक आम्ल डेसिकेटरमध्ये वाळवून कोल्ड फिंगरच्या उपकरणात घेतलं. नळाचा ॲस्पिरेटर, ऑइल बाथ १३० अंश. बोटावर सुया छान धरल्या, पण टोकाशी पिवळट ठिपके आहेत. वितळणबिंदू ११६ ते ११९ आला, हवा १२२. व्हॅक्यूम कमी पडतोय का? टाकीचं पाणी सध्या हात भाजेल इतकं तापतं.

गंगाखेडकर
व्हॅक्यूमच कमी पडतोय. ३५ अंशांच्या पाण्यावर ॲस्पिरेटर ४२ मिमीच्या खाली जाऊच शकत नाही, पाण्याची स्वतःची वाफच तेवढी असते. ऑइल पंप लावा.

देवघर_दालन
आमच्या दुकानातला कापूर जळल्यावर काळं उरतं. तोही असा शुद्ध होईल का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
गंगाखेडकर, पाण्याचं गणित बरोबर, निदान नाही. दाब जास्त असला की काम हळू होतं, माल पिवळा होत नाही.

सोनल, १३० अंशांवर शुद्ध आम्लही वितळतं, कच्चं तर आधीच. मग तळाशी बुडबुडे येतात आणि शिंतोडे बोटाच्या टोकावर उडतात. बाथ १०५-११० वर ठेवा, तळ कोरडाच दिसला पाहिजे. वेळ लागेल, लागू द्या. बोट नमुन्यापासून दीड-दोन सेंटीमीटर वर ठेवा. बर्फ व्हॅक्यूम लागल्यावरच घाला, नाहीतर आपल्याकडं जूनमध्ये पाऊस पडला की त्यावर दव धरतं आणि ओल्या सुया कमी तापमानाला वितळतात. शेवटी आधी उपकरण गार होऊ द्या, मग हवा अगदी हळू सोडा. झटका बसला की सगळं खाली.

आता एक करा. बोटाच्या वरच्या आणि टोकाच्या सुया वेगळ्या खरवडून दोन्हींचा वितळणबिंदू घ्या. वरच्या चांगल्या निघाल्या तर शिंतोडेच. दोन्ही सारख्याच खराब असतील तर घाणही उडणारी आहे. मग आधी गरम पाण्यातून स्फटिकीकरण करा.

दालनवाले, काळं उरणं म्हणजे भेसळच असं नाही, कापूर काजळी धरतोच. न उडणारा कचरा संप्लवनाने मागे राहील, आयसोबोर्निऑल मात्र कापरासोबतच उडून येईल. बोट गारच लागेल, गरम पाण्यावर निम्मा कापूर ॲस्पिरेटरमधून मोरीत जाईल.

लातूरची_सोनल
सर, वरच्या १२० ते १२१, टोकाच्या ११७ ला सुरू. बाथ १०८ वर ठेवून परत लावलंय, तळ कोरडा आहे. पण वरच्यासुद्धा १२२ का नाहीत?

गंगाखेडकर
थर्मामीटर बघा. बाटलीतलं शुद्ध आम्ल त्याच उपकरणात घालून काय येतं?

लातूरची_सोनल
बाटली कपाटात, किल्ली सरांकडं, सर परभणीला. सोमवारी सांगते.