मदत हवी आहे: मुलीचा एक्झिमा, ब्लीचच्या अंघोळीचं प्रमाण आणि ओले कपडे

रानजाई
नाशिक, इंदिरानगर. मुलगी तीन वर्षांची. थंडी सुरू झाली तसा एक्झिमा उसळलाय, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत खाजवून रक्त काढते. त्वचेच्या डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा ब्लीचची अंघोळ आणि पाच रात्री वेट रॅप, म्हणजे मलमावर ओले कपडे घालणं, सांगितलंय. ब्लीच किती, हे विचारायचं राहिलं. एका परदेशी व्हिडिओत 'टबला अर्धा कप' होतं, म्हणून आमच्या 20 लिटरच्या टबात तेवढं टाकलं. बसवल्याबरोबर किंचाळली, अंग लालबुंद. रॅपचे कपडेही पहाटे वाळून अंगाला चिकटले होते. कुठे चुकतंय?

स्वच्छंद
ब्लीच जंतू मारतं, म्हणून थोडं कडकच हवं. चुरचुरलं म्हणजे काम करतंय. नंतर धुऊ नका, अंगावरच वाळू द्या.

निळी_छत्री
रानजाई ताई, वरचं ऐकू नका. बालत्वचारोग ओपीडीत नर्स आहे, रोज हेच समजावते.

तो अर्धा कप, म्हणजे 120 मिली, दीडशे लिटरच्या भरलेल्या बाथटबसाठी असतो. ब्लीचमधलं मुख्य रसायन म्हणजे हायपोक्लोराइट, ते अंघोळीच्या पाण्यात 0.005 टक्के व्हायला हवं. तुमची बाटली 4 टक्क्यांची धरली तर 20 लिटरला 25 मिली पुरतं. तुमच्याकडून जवळपास पाचपट पडलं. हिशोब सोपा आहे: पाण्याचे लिटर गुणिले 5, भागिले बाटलीवरचे टक्के, उत्तर मिलीमध्ये. सुटं 'हायपो' कॅनमधून मिळतं ते बऱ्याचदा 10 टक्क्यांचं असतं, मग 10 मिलीच. खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजा, बुचाने नको.

आधी कोमट पाणी भरा, मग ब्लीच टाकून हाताने ढवळा, शेवटी मुलीला बसवा. पाच ते दहा मिनिटं, डोकं आणि तोंड बाहेर. मग साध्या पाण्याने धुऊन टॉवेलने टिपा. सुगंधी किंवा फेसाळ ब्लीच नको, आणि त्याच बाथरूममध्ये ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर त्याच वेळी अजिबात नको, विषारी वायू होतो. प्रमाण बरोबर असूनही भेगांमध्ये थोडं झोंबू शकतं. पण मूल रडत राहिलं तर लगेच बाहेर काढा, साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना कळवा.

दिंडोरीकर
माझ्या हातांना भांड्यांच्या साबणाने असंच होतं. मीही बादलीत हात बुडवू का?

निळी_छत्री
दादा, तुमचं दुखणं साबणाचं दिसतंय, ब्लीचने आणखी चिघळेल. वेगळा धागा काढा.

आता रॅप. अंग टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच, लाल भागावर डॉक्टरांनी लिहिलेलं स्टिरॉइड मलम पातळ आणि बाकी अंगाला मॉइश्चरायझर सढळ हाताने. मग घट्ट बसणारे सुती बनियन-लेगिंग गिझरच्या कोमट पाण्यात बुडवून, थेंब पडणार नाही इतके पिळून घाला. वर कोरडा सुती थर.

आतल्या थरातलं पाणी हळूहळू उडतं, त्वचा गार होते आणि खाज उतरते. शिवाय नखं पोचत नाहीत. पण झाकलेल्या ओलाव्यात स्टिरॉइड नेहमीपेक्षा जास्त आत शिरतं, म्हणून मलम दिवसातून एकदाच आणि सांगितलेल्याच ताकदीचं, घरातलं दुसरं जोरकस मलम नको. पाच रात्री सांगितल्यात, त्या स्वतःहून वाढवू नका.

पहाटे चिकटलं कारण आतला थर वाळला. ओढू नका, कोमट पाणी शिंपडून भिजवा, मग सोडवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलंच गारठतं, ओल्या कपड्यात मूल कुडकुडतं. अशा वेळी डॉक्टरांना विचारून झोपण्यापूर्वी दोन तासच ठेवा आणि वाळण्याआधी काढा.

मोरपीस
प्लास्टिक गुंडाळलं तर ओल टिकेल ना?

निळी_छत्री
ओल टिकेल, पण पाणी उडणार नाही, मग गारवा कुठून येणार? घामाने केसांच्या मुळाशी पुळ्या येतील.

पिवळी खपली, पू किंवा पाझर असेल तर रॅप थांबवून दाखवायला न्या. एकसारख्या आकाराचे छोटे फोड, मधोमध टोचल्यासारखी खोलगट जखम आणि ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. तो हर्पिस असू शकतो.

मोरपीस
ब्लीचची अंघोळ आणि साधी अंघोळ सारखीच, असंही वाचलंय.

निळी_छत्री
काही अभ्यासांत दोन्हींत फारसा फरक दिसला नाही, हे खरं. इतक्या पातळ पाण्यात स्टॅफ जंतू किती मरतात, याबद्दलही शंका आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दाह कमी झालेला दिसला. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलांना आमच्याकडे डॉक्टर देतात, सगळ्यांना नाही.

रानजाई
आत्ता बाटली पाहिली. टक्के पुसलेत, उघडून वर्ष झालं.

निळी_छत्री
ती फरशीला वापरा. उघडी बाटली उन्हाळ्यात ताकद गमावते, नेमकी किती ते घरी कळत नाही. टक्के आणि तारीख छापलेली नवी आणा. तोवर नुसत्या कोमट पाण्याची अंघोळ आणि मॉइश्चरायझर चालू ठेवा. आज त्वचा लाल आहे, तेव्हा पुढची ब्लीचची अंघोळ डॉक्टरांना दाखवल्यावरच.