विषय: नवरात्राचा उपवास, तोंडाचा वास आणि ब्रश

मंडळी, नमस्कार.
नऊ दिवसांचा उपवास करते आहे. रात्री एकदाच फराळ, दिवसभर बाटलीतून लिंबू सरबताचे घोट. घरातला हीटर सुरू झाल्यापासून तोंड फार कोरडं पडतं, वासही येतो. सरबत घेतलं की लगेच ब्रश करते, तरी वास जात नाही. आता दात आंबल्यासारखे झालेत, गार पाणी झोंबतं.
स्मिता

स्मिता,
उपवासाच्या दिवशी काडीने दात घासणं शास्त्रात वर्ज्य आहे, त्याऐवजी बारा चुळा सांगितल्यात. आमच्या आईने तेच केलं. वास रिकाम्या पोटातून येतो, सरबत वाढव.
विनायककाका

स्मिता,
सरबत वाढवू नकोस, तेच दातांना लागतंय. लिंबाच्या आम्लाने दाताचं वरचं कवच थोडा वेळ मऊ पडतं. एरवी लाळ ते सावरते, पण तुझ्या तोंडात लाळच कमी आहे आणि घोट दिवसभर चालू आहेत. त्यात लगेच ब्रश केलास तर मऊ झालेलं कवच घासलं जातं. सरबत एकदाच, पाच-दहा मिनिटांत संपव, साध्या पाण्याने चूळ भर आणि निदान अर्धा तास ब्रशला हात लावू नकोस. बाटलीत साधं पाणी ठेव.
सकाळी काही घेण्याआधी ब्रश कर. रात्रीचा चुकवू नकोस, कारण झोपेत लाळ आणखी आटते आणि साबुदाणा, खजूर दातांच्या फटीत चिकटून राहतात. फराळानंतर चूळ भर, अर्ध्या तासाने फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटं घास. फेस थुंकून टाक, पाण्याने खळखळून धुऊ नकोस.
काका, वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागावरच्या थराचा असतो, तो जीभ खरवडूनच जातो. चुळांनी अन्नाचे कण निघतात, दातांवरचा चिकट थर निघत नाही. पेस्ट नको असेल तर नुसता ओला ब्रश फिरवा. थर निघेल, फ्लोराइडचा फायदा मात्र मिळणार नाही.
जीभ साफ करूनही श्वासाला पिकल्या फळासारखा वास राहिला, तर शरीर चरबी जाळतंय. तो ब्रशने जात नाही, पोटात काही गेलं की कमी होतो.
मेधा (दातांची डॉक्टर)

मेधाताई, मलाही तसाच वास येतोय. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. जीभ रोज साफ करतो.
प्रशांत

प्रशांत, तुमचं वेगळं आहे, दातांपाशी थांबू नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उपवास सोडा आणि आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा. मळमळ, उलटी किंवा धाप असेल तर थेट इमर्जन्सीत जा.
मेधा

ताई, आज सरबत एकदाच घेतलं. बिनसाखरेचं च्युइंगम चालेल का?
स्मिता

लाळ सुटायला चांगलं. उपवासाला चालतं का, ते काका सांगतील.
मेधा

चघळणं म्हणजे खाणंच, माझ्या मते नाही. पण गुरुजींना विचारतो.
विनायककाका