मदत हवी आहे: रिलीव्हिंग आणि एक्स्पिरियन्स लेटरचा मजकूर मलाच लिहायचा आहे, काय काय टाकू?

भोसरीची_मृणाल

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. आता चाकणच्या मोठ्या कंपनीत निवड झाली आहे. इथे एचआर असं कुणी नाही. साहेब म्हणाले, "मजकूर तूच टाइप करून आण, मी लेटरहेडवर सही करतो." नवी कंपनी बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेते, म्हणून पत्रात काही राहून जाऊ नये असं वाटतं.

माझी परिस्थिती अशी: १ जुलै २०२१ पासून मी याच शॉपमध्ये काम करते, पण ३१ मार्च २०२२ पर्यंत कंत्राटदाराच्या पेरोलवर होते. १ एप्रिल २०२२ पासून कंपनीच्या पेरोलवर. जॉइन झाले तेव्हा क्वालिटी इन्स्पेक्टर, आता सीनियर क्वालिटी इंजिनियर. राजीनामा १ जानेवारीला दिला. प्रत्यक्ष काम २० फेब्रुवारीपर्यंत, पुढे शिल्लक रजा धरून २८ फेब्रुवारी. मग शेवटची तारीख कोणती लिहू? साहेब "जुलै २०२१ पासून" असंच लिहायला तयार आहेत. तसंच लिहू ना?

लेथवाला

एवढा विचार करू नका ताई. लेटरहेड, सही, गोल शिक्का, झालं. माझ्या तीन नोकऱ्या अशाच पत्रांवर झाल्या. फक्त आधार आणि पॅन नंबर टाका, म्हणजे तुम्हीच त्या हे पटतं. आणि जुलै २०२१च लिहा, अनुभव जास्त दिसतो.

रानडे_पडताळणी

मी काही वर्षं पडताळणीच्या कामात आहे. मृणालताई, जुलै २०२१ लिहू नका, सगळ्यात आधी हेच सांगतो.

आमच्याकडे पत्र आलं की त्यातल्या तारखा पीएफच्या नोंदीशी लावून बघतात. तुम्ही यूएएनने ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर जाऊन View मध्ये Service History उघडा. तिथे दोन ओळी दिसायला हव्यात, एक कंत्राटदाराच्या नावाची आणि एक कंपनीच्या. पत्रात जुलै २०२१ आणि पीएफमध्ये एप्रिल २०२२ असेल तर अहवालात तफावत म्हणून नोंद होते. तफावत म्हणजे लगेच नकार नव्हे, पण खुलासा मागतात आणि तोवर जॉइनिंग लटकतं. साहेबांनी चांगल्या मनाने वाढवलेले नऊ महिने तुमच्याच अंगाशी येतील.

खरं तेच दोन वाक्यांत लिहा. पहिलं: १ एप्रिल २०२२ ते २८ फेब्रुवारी २०२६ या काळात या आमच्या कर्मचारी होत्या. दुसरं: त्याआधी १ जुलै २०२१ ते ३१ मार्च २०२२ या काळात त्या अमुक कंत्राटदारामार्फत आमच्या क्वालिटी विभागात काम करत होत्या. त्या नऊ महिन्यांचं स्वतंत्र पत्र कंत्राटदाराकडूनच घ्यावं लागेल, कारण तेव्हा तुमचा मालक तो होता.

शेवटच्या तारखेचा प्रश्न बरा विचारलात. पगार आणि पीएफ २८ फेब्रुवारीपर्यंत धरला असेल तर रिलीव्ह झाल्याची तारीख २८ फेब्रुवारीच. पीएफमध्ये एक्झिटची तारीख भरताना हीच टाका असं साहेबांना आणि त्यांच्या पीएफ सल्लागाराला आत्ताच सांगा. सल्लागार अनेकदा अंदाजाने भलतीच तारीख भरतो, आणि मग दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लेरेशन करत बसावं लागतं.

लेथवालांसाठी: शिक्का पन्नास-शंभर रुपयांत कोणीही करून आणतो, त्यावर आम्ही काहीच ठरवत नाही. आधार नंबर तर अजिबात टाकू नका, ते पत्र पुढे कुणाकुणाच्या मेलमध्ये फिरणार आहे. नाव पॅनवर आहे तसं, आणि कर्मचारी क्रमांक, एवढ्याने ओळख पटते. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि मस्टरवर जुनं असेल तर दोन्ही लिहा.

सुपेकर_सातारा

माझं उलट आहे. कंपनीने रिलीव्हिंग लेटर दिलंच नाही, नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून. मी काय करू?

रानडे_पडताळणी

सुपेकर, हा वेगळा प्रश्न आहे, नवा धागा काढा. तोवर राजीनाम्याचा मेल, त्याला आलेलं उत्तर आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

अनघा_एचआर

तारखांबद्दल रानडेंशी सहमत. मी दुसरी बाजू सांगते, कारण आमच्याकडे असे पडताळणीचे मेल येतात. पत्र खरं की खोटं हे पत्राकडे बघून कळत नाही, विचारायचं कुणाला हे त्यात लिहिलेलं असेल तर कळतं. म्हणून सहीखाली स्पष्ट अक्षरात नाव आणि पद हवं, आणि पडताळणीसाठी एक ईमेल व ऑफिसचा फोन. ईमेल माणसाच्या नावाचा नको. तो माणूस उद्या सोडून गेला की तुमचं पत्र पोरकं होतं.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर लेटरहेडवर २१ अक्षरी सीआयएन, नोंदणीकृत पत्ता, फोन आणि ईमेल असायलाच हवेत, कंपनी कायदा २०१३च्या कलम १२ मध्ये तसं आहे. जुनं लेटरहेड असेल तर हे बहुधा नसतं. सीआयएनवरून कंपनी खरंच आहे का हे एमसीएच्या साइटवर बघता येतं. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीची असेल तर सीआयएन नसतोच, तिथे जीएसटी क्रमांक चालतो.

सोडण्याचं कारण "राजीनामा" असं एका शब्दात लिहा, आणि नोटीस पूर्ण केली की रजेत वळती केली तेही. आमच्या फॉर्ममध्ये हे दोन रकाने हमखास असतात. पद शेवटचं लिहा, बढती कधी मिळाली ते एका ओळीत. "प्रामाणिक, मेहनती" लिहिलं तर चालेल, पण पडताळणारा ते वाचत नाही.

आणि रिलीव्हिंग शेवटच्या दिवशीच हातात घ्या. फुल अँड फायनल व्हायला वेळ लागतो, त्यासाठी ते अडवू देऊ नका. हिशेब व्हायचा असेल तर "अंतिम हिशेब प्रक्रियेत" एवढंच लिहावं, "सर्व येणी मिळाली" असं मुळीच नाही.

रानडे_पडताळणी

अनघाताई, हे मी पत्रात घालूच नये म्हणेन. "प्रक्रियेत" वाचून पुढची एजन्सी विचारते, काही बाकी होतं का?

अनघा_एचआर

विचारू दे, मेलला उत्तर देता येतं. पण पैसे न मिळता मिळाल्याचं लिहून दिलं तर कर्मचाऱ्याच्या हातात काय उरतं? यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

भोसरीची_मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्टल बघितलं, दोन ओळी आहेत आणि तारखा जुळतात. लेटरहेडवर सीआयएन नव्हता, साहेब नवीन छापून घेतो म्हणाले.

पण कंत्राटदाराचं नाव लिहायला ते कचरतायत. त्यांचा सल्लागार म्हणतो, तसं लिहिलं तर ते नऊ महिनेही कंपनीच्याच नोकरीत धरा असा दावा उद्या कोणी करेल. आणि ईमेल म्हणाल तर कंपनीचा जीमेलच आहे.

रानडे_पडताळणी

बिलांवर, वेबसाइटवर तोच जीमेल असेल तर अडत नाही. आम्ही तो दुसरीकडे छापलेला दिसतो का ते बघतो. नुसता पत्रावरच असेल तर शंका येते, म्हणून सोबत लँडलाइन द्या.

सल्लागाराची भीती अगदीच निराधार नाही, त्यामुळे साहेबांवर फार दबाव आणू नका. ते वाक्य वगळलं तरी एप्रिल २०२२ पासूनचं पत्र पूर्णपणे वैध आहे. पहिल्या नऊ महिन्यांसाठी पीएफ पासबुक, त्यावर कंत्राटदाराचं नाव असतं, आणि तेव्हाचं बँक स्टेटमेंट ठेवा. नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये मात्र ती नोकरी कंत्राटदाराच्या नावाने वेगळी भरा, चुकूनही एकत्र करू नका.

लेथवाला

आधारचं मागे घेतो. माझ्या तिन्ही पत्रांवर तो आहे, आता काय करायचं?

भोसरीची_मृणाल

कंत्राटदाराचा फोन लागत नाही, चिखलीतलं ऑफिसही हललंय. पीएफ पासबुकवर नवी कंपनी मानेल का, हे त्यांनाच विचारते आणि इथे कळवते. कुणाचा असा अनुभव असेल तर जरूर लिहा.