मदत हवी आहे: हायड्रोजनच्या रॉकेटमध्ये ऑक्सिजन कमी का भरतात?

कोरा_कागद
2H₂ + O₂ → 2H₂O या हिशेबाने १ किलो हायड्रोजन पूर्ण जळायला ८ किलो ऑक्सिजन लागतो. पण स्पेस शटलच्या मोठ्या नारिंगी टाकीत साधारण १०६ टन हायड्रोजन आणि ६२९ टन ऑक्सिजन असायचा, म्हणजे जेमतेम सहापट. बाकीचा ऑक्सिजन इंजिन बाहेरच्या हवेतून घेतं का? तसं असेल तर रॉकेट सगळं सोबत नेतं, हे म्हणणं अर्धवट ठरतं. बारावीच्या मुलांना शिकवायचं आहे, म्हणून नक्की काय ते हवंय.

घाटवाट
बरोबर पकडलंत. जास्तीचा हायड्रोजन नॉझलबाहेर पडला की हवेत जळतो, त्यामुळे काही वाया जात नाही. जमिनीवर असताना इंजिनाखाली ठिणग्यांचे फवारे उडताना दिसायचे ना, ते इंजिन पेटवायलाच असत.

त्रिज्या
घाटवाट, पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. वातावरणात असताना उरलेला हायड्रोजन बाहेर जळतो खरा, पण नॉझल सोडून गेलेला वायू पुढे जळो की न जळो, रॉकेटला त्याचा धक्का मिळत नाही. आणि त्या ठिणग्या इंजिन पेटवत नव्हत्या. इंजिन सुरू होण्याआधी नॉझलखाली साचणारा हायड्रोजन एकदम भडकू नये म्हणून तो तिथल्या तिथे जाळून टाकायला त्या होत्या. इंजिनाचे स्पार्क इग्नायटर आत, बंद ज्वलनकक्षात असतात.

कोरा_कागद, इंजिन बाहेरची हवा अजिबात घेत नाही. कक्षातला दाब बाहेरच्या दाबाच्या दोनशेपट असतो, हवा आत शिरणार कुठून? हवेची मदत होत असती तर वर जाताना जोर घटला असता. घडतं उलटं: शटलच्या इंजिनाचा विशिष्ट आवेग, म्हणजे तेवढ्याच इंधनातून मिळणारा जोर, समुद्रसपाटीला ३६६ सेकंद, निर्वातात ४५२.

मग ऑक्सिजन कमी का? ६ किलो ऑक्सिजन आणि १ किलो हायड्रोजन घ्या. ६ किलोला ०.७५ किलो हायड्रोजन पुरतो, ६.७५ किलो वाफ होते आणि ०.२५ किलो हायड्रोजन उरतो. मोल मोजा: वाफेचे ३७५, हायड्रोजनचे १२५, एकूण ५००. ७००० ग्रॅम भागिले ५००, सरासरी रेणुभार १४. नुसती वाफ असती तर १८. बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग ढोबळमानाने तापमान भागिले रेणुभार याच्या वर्गमुळावर ठरतो. आठाचं सहा केल्याने तापमान थोडंच उतरतं, कारण तितक्या उष्णतेत वाफेचे रेणू तसेही तुटत असतात. रेणुभार मात्र चांगलाच उतरतो. न जळलेला हायड्रोजन फुकट गेलेला नाही, तोच वेग वाढवतोय.

सांधा
पण मग आमच्या कॉलेजच्या जेट इंजिनाच्या प्रयोगात आम्ही नेमकं उलटं करतो, हवा गरजेपेक्षा कितीतरी जास्त. ते चुकतंय का?

त्रिज्या
नाही. तिथे हवा आयती मिळते आणि टर्बाइन वितळू नये म्हणून ती जास्त सोडतात. शटलच्या इंजिनातही पंप फिरवणारं टर्बाइन सांभाळायचं असतं, पण ते हायड्रोजन जास्त ठेवून. तापलेल्या, ऑक्सिजन जास्त असलेल्या वायूत पात्यांचा धातूच पेट घेऊ शकतो. म्हणून सुरू करताना हायड्रोजनची झडप आधी उघडते, बंद करताना ऑक्सिजन आधी तोडतात. हा क्रम क्षणभर जरी चुकला तरी पाती गेली समजा.

कोरा_कागद
मग चारपटच ऑक्सिजन ठेवला तर? रेणुभार १० येतोय.

त्रिज्या
हिशेब बरोबर आहे, आणि विशिष्ट आवेगही थोडा सुधारेल. अडचण टाकीची. द्रवरूप ऑक्सिजन एका लिटरला १.१४ किलो भरतो, हायड्रोजन फक्त ७१ ग्रॅम. तेच ७ किलो इंधन सहाच्या प्रमाणात साधारण १९ लिटरमध्ये मावतं, चारच्या प्रमाणात साडेचोवीस लागतात. टाकी मोठी झाली की तिचं वजन आलं, उणे २५३ अंशाच्या हायड्रोजनभोवतीचं इन्सुलेशन वाढलं, आणि इतक्या हलक्या द्रवाला पंपातून ढकलायचं कामही वाढलं. मिळवलेलं तिथेच जातं.

घाटवाट
ठिणग्यांचं मान्य. पण आपल्या इस्रोच्या सीई-२० इंजिनात हेच प्रमाण ५ च्या आसपास आहे. वरच्या टप्प्याचं इंजिन, निर्वातात चालणारं, म्हणून विशिष्ट आवेगाकडे जास्त झुकले असावेत?

त्रिज्या
तेही असेल. पण सीई-२० मध्ये टर्बाइन फिरवणारा वायू वेगळ्या वाटेने बाहेर जातो आणि त्यात हायड्रोजन भरपूर असतो, त्यामुळे नुसत्या कक्षातलं प्रमाण आणि पूर्ण इंजिनाचं प्रमाण एक नसतं. तुमचा ५ हा आकडा यातला कुठला, ते आधी बघा. मग तुलना करू.