दारावरच्या नोटिशीबद्दल घरमालकाला ईमेल: अर्थ सांगावा की नुसता फोटो पाठवावा?

पार्लेकर_भाडेकरू: विलेपार्ल्यात १९७४ सालची इमारत, आम्ही पागडीचे भाडेकरू. मालक अहमदाबादला असतात, त्यांना मराठी वाचता येत नाही. दारावर महापालिकेची नोटीस लागली आहे. कलम ३५३ब आहे आणि ३० दिवसांत स्थैर्य प्रमाणपत्र मागितलं आहे. फोटोसोबत इंग्रजीत पाठवायच्या ईमेलचा मजकूर असा: 'इमारत धोकादायक ठरली असून महापालिकेने कारवाईची नोटीस दिली आहे. भाषांतर जोडले आहे. पुढे काय करणार ते कळवावे.' वकील मित्र म्हणतो, अर्थ सांगूच नकोस. तुमचं मत?

सुहास_सिव्हिल: अर्थ जरूर सांगा, पण 'धोकादायक ठरली' हे वाक्य काढा. ३५३ब ची नोटीस ३० वर्षांहून जुन्या इमारतीला येते. पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, एवढंच ती सांगते. धोकादायक बांधकाम पाडायची किंवा दुरुस्तीची नोटीस कलम ३५४ खाली निघते. तपासणीनंतर इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ यांपैकी एका वर्गात बसते. रिकामी करून पूर्ण पाडायची ती फक्त सी-१. सी-२बी मध्ये मोठी दुरुस्ती लागते, पण घर सोडावं लागत नाही. तपासणीआधीच भाडेकरूनं 'धोकादायक' लिहून दिलं, तर पाडायला उत्सुक मालकाच्या हाती आयता कागद जातो.

माई_दादर: म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जा. आमच्या चाळीला टेकू त्यांनीच लावले. मालकाला कशाला विचारत बसायचं?

सुहास_सिव्हिल: माई, तुमची चाळ उपकरप्राप्त आहे, म्हणून मंडळ आलं. ती सोय शहर भागातल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींना. पार्लं उपनगरात येतं आणि इमारतही नंतरची आहे.

अ‍ॅड_निशिगंधा: वकील मित्राचं म्हणणं मला पटतं. भाषांतरात एक शब्द चुकला की तो तुमच्या नावावर. फोटो पाठवा, भाषांतर मालक करून घेतील. शिवाय नुसत्या ईमेलवर थांबू नका, तोच मजकूर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. कोर्टात ईमेल चालतो, पण सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

सुहास_सिव्हिल: टपालाचं मान्य. पण नुसता फोटो पाठवून मुदत निघून गेली तर? ३५३ब मध्ये जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, दोघांचीही येऊ शकते. मालक गप्प बसले म्हणून भाडेकरू सुटत नाहीत. तेव्हा अर्थ सांगायचा, पण निष्कर्ष काढायचा नाही. मी असं लिहीन:

'इमारतीच्या मुख्य दारावर महापालिकेची मराठी नोटीस लावली आहे. फोटो व इंग्रजी भाषांतर जोडले आहे. कलम ३५३ब खाली नोंदणीकृत इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र ३० दिवसांत मागितले आहे. नोटीस क्रमांक व तारीख फोटोत आहे. भाषांतर केवळ आपल्या माहितीसाठी असून मूळ मराठी मजकूरच ग्राह्य धरावा. इंजिनिअर कोण नेमणार व केव्हा, हे सात दिवसांत कळवावे. तपासणीच्या वेळी भाडेकरूंचा एक प्रतिनिधी हजर राहील.'

शेवटचं वाक्य गाळू नका. हातोड्याची चाचणी कुठल्या खांबावर झाली, काँक्रीटचा नमुना कुठून काढला, हे पाहायला आपला माणूस हवा. फक्त जिन्याखालचे गंजलेले खांब तपासले तर सगळी इमारत वाईट दिसते.

अ‍ॅड_निशिगंधा: 'मूळ मजकूरच ग्राह्य' हे असेल तर माझा विरोध निम्मा कमी. पण फोटो नीट हवा. प्लास्टिकच्या पाकिटावर उजेड चमकला की खालची मुदतीची ओळ नेमकी पुसली जाते. एक फोटो दारासकट आणि एक जवळून, शिक्का आणि जावक क्रमांक वाचता येईल असा.

रोहन_ठाणे: मी ११ महिन्यांच्या करारावर राहतो. मालक दुरुस्तीच करत नाही, भाड्यातून पैसे कापू का?

अ‍ॅड_निशिगंधा: रोहन, तुमचं प्रकरण वेगळं, आधी करार वाचा. पागडीवाल्यांना भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ खाली १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करता येते, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापुरतीच वजावट मिळते. पागडीचं भाडं पाहता त्यात एका खांबाचं प्लास्टरही होणार नाही.

गिरगावचा_नाना: मालकाची वाट कसली पाहता? भाडेकरूंनी वर्गणी काढून आत्ताच स्वतःचं ऑडिट करा. आमच्या ओळखीत मालकाच्या इंजिनिअरनं सी-१ दिलं, भाडेकरूंच्या इंजिनिअरनं सी-२बी. मग प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे गेलं. दुसरा अहवाल नसता तर त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

सुहास_सिव्हिल: नाना, मी थांबेन. मालकांनी प्रामाणिकपणे सी-२बी आणलं तर दुसऱ्या ऑडिटचा पैसा वाया. इंजिनिअरचं नाव मात्र आत्ताच ठरवून ठेवावं.

गिरगावचा_नाना: ३० दिवसांत अहवाल हातात येतो का? तपासणी आणि प्रयोगशाळा यातच ते संपतात. मला थांबणं पटत नाही.

पार्लेकर_भाडेकरू: सुहास यांचा मजकूर घेतो, निशिगंधाताईंप्रमाणे टपालानंही पाठवतो. ऑडिटचं आज रात्री तिन्ही मजल्यांची बैठक बोलावून विचारतो. सी-१ आलंच तर खोल्यांचं क्षेत्रफळ कोण मोजणार?

अ‍ॅड_निशिगंधा: उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र पालिकेनं मोजून ठेवायचं असतं, आणि इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही. तरीही तुम्ही स्वतः मोजून, फोटो काढून ठेवा. मोजणीला आलेल्या अधिकाऱ्याकडून प्रत मागून घ्या.